बसवणाऱ्याची पत

वसतिगृहाच्या फायलीत माझ्या हातचा एक कागद अजून आहे. पट्टीने आखलेला, निळ्या शाईचा, खाली माझी लफ्फेदार सही. त्या कागदावर एक आकडा आहे. चार. दहापैकी चार. मी आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, हजारो आकडे लिहिले, त्यातले कित्येक चुकलेही असतील. पण हा चार चुकून पडलेला नाही. तो मी जाणूनबुजून दिला होता, आणि म्हणूनच आज हे लिहायला बसलोय तरी कानशिलं गरम होतात.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, साठ मुली, बहुतेक कोरडवाहू कापूसवाल्यांच्या आणि मजुरांच्या. ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून खाल्ली होती. वरून हिरवंगार शेत आणि आत काहीच नाही. पुष्कळ मुली त्या दिवाळीत घरी गेल्याच नाहीत, कारण घरचे कामाला बाहेर गेले होते. हिवाळ्यात त्यांच्या आंघोळीला चुलीवर पाण्याचे दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, चढायची. लहान मुलींना ते पाणी पुरायचं, मोठ्या मुली थंड्या पाण्यानेच उरकायच्या आणि पहिल्या तासाला ओठ निळे करून माझ्यासमोर बसायच्या. मी त्यांना उष्णतेचं वहन शिकवायचो. काय अक्कल म्हणावी.

आमच्याच शाळेतून शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या एका बाईंनी संस्थेला देणगी दिली. अट एकच, मुलींना गरम पाणी मिळालं पाहिजे आणि गच्चीवर विजेचे पॅनल बसले पाहिजेत. सचिवांनी मला बोलावलं. ते म्हणाले, सर, तुम्ही विज्ञानवाले, कोणत्या कंपनीचं घ्यायचं आणि कोणाकडून बसवायचं याची छाननी तुम्ही करा, तुम्ही ज्याला वर ठेवाल त्याच्यावर समिती शिक्का मारेल. मला बरं वाटलं. मला कोणी विज्ञानवाले म्हटलं की बरं वाटतंच.

मी तीन रकाने पाडले. पहिला वॉरंटी, दुसरा प्रमाणपत्र, तिसरा बसवणाऱ्याची पत. प्रत्येकाला दहा गुण. सात जणांची दरपत्रकं आली होती आणि पहिल्या दोन रकान्यांत मी खरोखर रक्त आटवलं, ते कबूल केलं पाहिजे. नागपूरच्या एका सुटाबुटातल्या माणसाने पॅनलवर पंचवीस वर्षांची वॉरंटी असं ठळक छापून आणलं होतं. मी बारीक अक्षरं वाचली. पंचवीस वर्षं होती ती वीज किती टक्क्यांपर्यंत घटेल याची हमी होती. पॅनल तडकला, पाणी शिरलं, तर ती हमी फक्त दहा वर्षांची. आणि इन्व्हर्टरची तर पाचच. मी त्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, सर, एवढं कोणी वाचत नाही. मी म्हटलं, मी वाचतो. तो गेला.

दुसऱ्याने प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली होती. पॅनलला दोन चाचण्यांची प्रमाणपत्रं लागतात, एक ऊन-पाऊस-गारा सोसून तो टिकेल का याचं, दुसरं विजेच्या सुरक्षिततेचं. दोन्ही होती. पण प्रमाणपत्रावरचा मॉडेल नंबर वेगळा आणि दरपत्रकातला वेगळा. कंपनी तीच, माल दुसरा. तिसऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर शिक्का होता तो कारखान्याच्या कुठल्या तरी दर्जाच्या पद्धतीचा, टाकीचा नव्हेच. असे एकेक पकडत मी चार जण उडवले. प्रत्येक वेळी मला कॉपी पकडल्यासारखा आनंद व्हायचा. पाचवा वणीकडचा होता, राजूरच्या खाणकामगारांच्या घरांवर त्याने बरीच कामं केली होती, पण घाटंजीपर्यंत देखभालीला येणं जमणार नाही असं त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. उरले दोन.

एक यवतमाळचा दुकानदार. मोठं काचेचं दुकान, बाहेर फिरणारी पाटी, आत थंड हवा. दुसरा आमच्या वस्तीतला.

आमची वस्ती म्हणजे घाटंजीपासून थोड्या अंतरावरच्या गावातली बौद्धांची वस्ती. मी तिथेच वाढलो, नोकरी लागल्यावर घाटंजीला कॉलनीत घर बांधलं. माय मात्र वस्तीतच राहिली, विहार सोडून मी कुठं येत नाही म्हणाली. हा दुसरा बसवणारा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दोन घरं सोडून राहणारा. मी त्याला भाऊ म्हणायचो. नात्यातला नव्हे, पण वस्तीत भाऊ म्हणजे भाऊच. आयटीआय करून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने सोलरचं प्रशिक्षण घेतलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. दुकान नाही, पाटी नाही, एक मोटारसायकल आणि मागे बांधलेली शिडी.

वसतिगृहाची जागा बघायला दोघांनाही बोलावलं. दुकानदार स्वतः नाही आला, त्याने माणूस पाठवला. त्या माणसाने गच्चीचे फोटो काढले, चहा घेतला आणि वीस मिनिटांत गेला. भाऊ आला तो सकाळी आणि दुपारपर्यंत तिथंच होता. पश्चिमेच्या कडुनिंबाची सावली तीन वाजता कुठवर येते ते बघायला त्याने गच्चीवर खडूने रेघ मारली. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्यासोबत ओळीतले बाकीचेही मंदावतात, म्हणून सगळे पूर्वेकडे सरकवायला पाहिजेत, हे त्याने सचिवांना समजावलं. मग स्वयंपाकघरातून एक रिकामी बाटली आणि कपड्याच्या साबणाचा तुकडा मागितला. बोअरचं पाणी बाटलीत भरलं, साबण किसून टाकला, खळखळ हलवलं. फेस आलाच नाही. वर नुसती पांढरी साय धरली.

तो सचिवांना म्हणाला, साहेब, हे पाणी जड आहे, पाणी तापवायला तांब्याच्या नळ्यांचा पॅनल इथं घालू नका, दोन वर्षांत क्षार बसून नळ्या बंद होतील. काचेच्या नळ्यांचा घ्या आणि टाकी आतून काचेचा थर दिलेली घ्या, आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, पाणी टाकीऐवजी त्या दांड्याला खातं. दांडा दर दोन वर्षांनी बदलला तर टाकीला काही होत नाही. सचिवांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष बाटलीकडे नव्हतं, त्याच्या पायातल्या चपलेकडे होतं. मी ते पाहिलं. आणि मला त्याच्या चपलेची लाज वाटली. हे असलं लिहायला हात जड होतो, पण वाटली.

सचिव खाली गेल्यावर गच्चीवर आम्ही दोघंच उरलो. चारचौघांत तो मला सर म्हणायचा, एकटे असलो की तू. खडू खिशात घालत त्याने सांगितलं की सरकारी शाळा आणि वसतिगृहांवर सोलर बसवणाऱ्यांची एक यादी होते. त्या यादीत नाव लागलं तर वर्षभर काम पुरतं. त्यासाठी लागणारा परवाना त्याच्याकडे होता, प्रशिक्षणाचा दाखला होता. एकच कागद कमी होता, एखाद्या संस्थेचं मोठं काम पूर्ण केल्याचं पत्र. घरगुती कामं कितीही केली तरी ती धरत नाहीत. यादीची मुदत उन्हाळ्यापर्यंत होती.

मला वाटलं, आता हा म्हणणार, सांभाळून घे. मी आतल्या आत उत्तर जुळवायला लागलो.

तो म्हणाला, "मले मार्क वाढवून नोको देऊ. जेवढे होतात तेवढेच दे. बस."

मी म्हटलं, हो, त्यात काय. एवढंच बोललो.

आता तिसरा रकाना. पहिल्या दोन रकान्यांत दोघेही जवळजवळ सारखे होते. दोघांच्या कंपन्या चांगल्या, कागद चोख. पॅनल तर दोघांचे एकाच तोडीचे. पाण्याच्या हीटरच्या वॉरंटीत दुकानदाराला मी एक गुण कमी द्यायला हवा होता, कारण त्याच्या तांब्याच्या नळ्यांच्या वॉरंटी कार्डावर चौथ्या पानावर लिहिलं होतं की ठरावीक मर्यादेपेक्षा जड पाण्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. ते मी वाचलं होतं. पेन्सिलीने बाजूला फुलीही मारली होती. पण दुकानदाराचा माणूस म्हणाला, ते सगळेच छापतात सर, आजपर्यंत कोणाला नाही म्हटलं नाही. आणि नागपूरवाल्याला मी वाचतो म्हणून सुनावणारा मी, इथं फुली खोडून मोकळा झालो.

राहिली पत. दुकानदाराने आपल्या पाच गिऱ्हाइकांचे फोन नंबर दिले होते. ऑफ तासाला प्रयोगशाळेत बसून मी पाचही लावले. पाचही जणांनी तारीफ केली. आता दुकानदार आपणहून नंबर देईल तो तक्रारवाल्याचा देईल का? नववीतली पोरगीही हे ओळखेल. भाऊने नंबर दिले नव्हते. तो म्हणाला होता, तुले माहीत हायेत ना माही कामं. मग मी यवतमाळच्या ओळखीच्या दोघातिघांना विचारलं. त्यांच्यातले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, अहो तो माणूस आमच्याकडे आला होता, गच्चीवर चढला, इकडंतिकडं बघितलं आणि काम न करताच निघून गेला, इसार पण परत करून गेला, असल्या माणसाचा काय भरवसा. तो का, काहून गेला, हे मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं.

का पाहिजे होतं, तेही सांगतो. दोन वर्षांआधी प्रयोगशाळेत मदतनीस घ्यायचा होता तेव्हा मी वस्तीतल्या एका हुशार पोराचं नाव सुचवलं होतं. पोरगा लागला, काम उत्तम करायचा. पण शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी चहा ढवळत म्हणालं, सरांनी आपला माणूस आणला. बस, एवढंच. कोणी भांडलं नाही, कोणी तक्रार केली नाही. सगळे हसले, मीही हसलो. बाकीचे सगळे आपापल्या साळ्याला, भाच्याला चिकटवत होते तेव्हा कोणी चहा ढवळला नव्हता. मला तेव्हा राग यायला हवा होता. राग आला नाही, भीती बसली. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की वस्तीतल्या कोणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

त्याची कामं मला माहीत होती. विहाराच्या वाचनालयावरचे पॅनल त्याचे, तिथं वीज गेली तरी पोरं दिव्याखाली बसून अभ्यास करायची. आणि माझ्या मायच्या घरावरचा हीटर त्याचा. चार हिवाळे झाले होते. मी दर रविवारी मायकडे जायचो आणि त्या पाण्याने आंघोळ करायचो. असं सणसणीत पाणी की अर्धी बादली गार मिसळावी लागे. चार वर्षांत एकदा गळती नाही, एकदा तक्रार नाही, आणि पाणी तेच, वस्तीच्या बोअरचं, वसतिगृहाच्या पाण्याइतकंच जड. बसवणाऱ्याची पत म्हणून याहून पक्का पुरावा कोणता असतो? माझ्या स्वतःच्या अंगावर पडलेलं पाणी होतं ते.

पण तो पुरावा लिहायचा तर लिहावं लागलं असतं, माझ्या आईच्या घरी. आणि समितीतल्या प्रत्येकाने ते वाचलं असतं.

मी दुकानदाराला नऊ दिले. भाऊला चार. शेऱ्यात लिहिलं, काम अर्धवट सोडून जातो अशी तक्रार आहे.

बैठक शनिवारी होती. सचिवांनी माझा तक्ता सगळ्यांना दाखवला आणि तारीफ केली. म्हणाले, बघा, सरांच्या वस्तीतला माणूस असूनही सरांनी त्याला चारच दिले, याला म्हणतात निःपक्षपाती. समितीवाल्यांनी माना हलवल्या. मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेढे नेले होते.

वसतिगृहावर दुकानदाराचा माल बसला. पाणी तापवायचे नवे तांब्याचे पॅनल काळेभोर चमकायचे. पहिल्या हिवाळ्यात पाणी झकास आलं. मुली खूश, देणगीवाल्या बाईंना फोटो गेले, फोटोत मी मधोमध. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी कोमट यायला लागलं. मग नुसतंच ऊबट. डिसेंबरात गारेगार. वॉर्डन बाई माझ्याकडे आल्या, मी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, कंपनीला लिहा. कंपनीचा माणूस महिन्याने आला, एक नळी खोलली. आत पांढरा चुन्यासारखा थर, बोटाने खरवडला तरी निघेना. त्याने वसतिगृहाच्या फायलीतल्या वॉरंटी कार्डाचं चौथं पान उघडून वॉर्डन बाईंना दाखवलं आणि निघून गेला. त्या पानाच्या समासात माझ्या खोडलेल्या फुलीची पुसट खूण होती. बाईंना ती कळली नाही. मला कळली.

चुलीवर परत गंज चढले. मोठ्या मुलींचे ओठ परत निळे.

मी सचिवांना सांगू शकलो असतो की चूक माझी आहे. मी म्हटलं, दुकानदाराने फसवलं. सचिव म्हणाले, आता दुकानदाराला पत्र लिहू. आम्ही तीन पत्रं लिहिली. मसुदा माझाच, भाषा कडक. पत्र लिहिताना मला वाटायचं की मी काहीतरी करतोय.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी शाळेत जाताना वसतिगृहाच्या फाटकाशी ती मोटारसायकल दिसली, मागे शिडी बांधलेली. मला ओळखायला वेळ लागला नाही. वॉर्डन बाईंनी मला न विचारता त्याला बोलावलं होतं. मी पुढे निघून जाऊ शकलो असतो, आणि दोन पावलं गेलोही होतो. मग वळलो आणि गच्चीवर चढलो.

त्याने पॅनल टाकीपासून सोडवले होते. एका ड्रममध्ये पातळ केलेलं आम्ल होतं आणि छोट्या पंपाने ते एका टोकाने नळ्यांत घालून दुसऱ्या टोकाने परत ड्रममध्ये येत होतं. ड्रममध्ये फेस उसळत होता, आतला क्षार विरघळत होता. हातात रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा. हे आदल्या दिवसापासून चाललं होतं. अर्ध्या नळ्या मोकळ्या झाल्या होत्या. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली आणि पंपाचा आवाज कमी केला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, दुकानवाल्याने फसवलं. तो म्हणाला, नाही, त्याने कार्डावर लिहूनच दिलं होतं. मग त्यानेच सांगितलं. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी तो सचिवांच्या घरी गेला होता, आपलं कुठं कमी पडलं ते समजून घ्यायला, म्हणजे पुढच्या वेळी सुधारता येईल. सचिवांनी त्याला तक्ताच दाखवला. त्यांना वाटलं, वस्तीतल्या माणसाने दिलेले गुण आहेत, म्हणजे कुरकुर करायला जागा नाही.

मग तो त्या निवृत्त अधिकाऱ्यांबद्दल बोलला. त्यांना मोठी टाकी हवी होती, भरल्यावर पाचशे किलोच्या वर वजन. आणि जिथं ठेवायची तिथं स्लॅबला भेग गेली होती. दुसरी जागा त्यांना चालत नव्हती, नळ लांब पडतो म्हणून. भेगेच्या बरोबर खाली त्यांच्या नातीचा पलंग होता. म्हणून त्याने इसार परत दिला आणि उतरला.

"तू इचारलं होतं काय त्याइले," तो म्हणाला, "मी काहून गेलतो म्हणून?"

मी म्हटलं, "नाई."

त्याने ड्रममध्ये कागदाची पट्टी बुडवून पाहिली, किती आम्ल उरलं ते. ती बाजूला ठेवली. मला वाटलं, आता तो रागावेल, शिव्या देईल, माझ्या बापाचं नाव काढेल. दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या आणि मनातून थोडा हलका झालो असतो. त्याने तेवढंही केलं नाही.

मी म्हटलं, भाऊ, या कामाचं पत्र मी तुला संस्थेकडून मिळवून देतो. तो म्हणाला, दुरुस्तीचं पत्र यादीत चालत नाही, आणि ती मुदत दोन उन्हाळ्यांआधीच गेली. तो पुण्याला चालला होता. एका कंपनीत फिटर म्हणून, त्यांची टोपी घालून त्यांच्या नावाने काम करायचं. बायको-पोरं पुढच्या महिन्यात नेणार. वॉर्डन बाईंनी फोन केला तेव्हा तो निघायच्याच तयारीत होता, मुलींसाठी म्हणून दोन दिवस थांबला. जाता जाता त्याने एवढंच सांगितलं की नळ्या आता साफ होतील, पण पाणी तेच आहे, दोन वर्षांनी परत भरतील, तेव्हा कोणालातरी बोलवा.

संध्याकाळी मुलींना गरम पाणी मिळालं. मी मात्र त्या दिवशी शाळेतून सरळ घरी गेलो.

हे सगळं इथं संपलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. माणूस पुष्कळ विसरतो. पण उन्हाळा लागायच्या आधी एका रविवारी मी मायकडे गेलो तेव्हा ती म्हणाली की टाकीचा दांडा बदलायची वेळ झाली आहे. भाऊने जाताना नवा दांडा आणून तिच्या लाकडी पेटीत ठेवला होता आणि सांगून गेला होता, तुह्या मास्तराले म्हणा बदलून दे, त्याले जमते, विज्ञानवाला हाय. दांडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. सोबत नळाच्या जोडाला गुंडाळायच्या पांढऱ्या पट्टीचं रीळ आणि एका चिठ्ठीवर क्रमाने लिहिलेलं, आधी गार पाण्याचा नळ बंद कर, मग थोडं पाणी सोड, मग नट खोल.

ऊन वर यायच्या आधी मी छपरावर चढलो. चिठ्ठीप्रमाणे केलं. नट घट्ट होता, पान्याला दोनदा जोर लावावा लागला. जुना दांडा बाहेर आला तेव्हा त्याची नुसती तार उरली होती, वर कुठं कुठं पिठासारखे पांढरे गोळे. टाकी आतून टॉर्च मारून बघितली. निळसर, गुळगुळीत, जशीच्या तशी. दांड्याने आपलं काम केलं होतं.

नवा दांडा बसवून नट आवळला आणि मग टाकीच्या सावलीतल्या बाजूला नजर गेली. तिथं काळ्या मार्करने तारखा लिहिल्या होत्या, त्याच्या आयटीआयच्या ठाशीव अक्षरात. पहिली, हीटर बसवला त्या दिवसाची. दुसरी, दोन वर्षांनंतरची, पहिला दांडा बदलला त्याची. शेवटची, पुढचा दांडा कधी, म्हणजे हाच महिना. आणि मधली तिसरी. ती तारीख मी दोनदा वाचली. तक्त्यावर माझ्या सहीखाली जी शनिवारची तारीख आहे, तिच्यानंतर तिसरा दिवस. म्हणजे मंगळवार. रविवारी त्याने सचिवांच्या घरी माझा तक्ता पाहिला होता. त्याला चार मिळाले होते आणि काम अर्धवट सोडून जातो असं लिहिलेलं होतं, माझ्या सहीने. आणि मंगळवारी तो माझ्या मायच्या छपरावर चढून दांडा बदलून गेला होता, वेळ झाली होती म्हणून.

खालून माय हाका मारत होती.

खाली उतरलो. माय न्हाणीच्या दाराशी बादली घेऊन उभी होती. मी विचारलं, मागच्या वेळी तो दांडा बदलायला आला होता तेव्हा काही बोलला का. माय आठवत म्हणाली, काही नाही, चहा पेला, विहाराच्या दिव्याचं काही बोलला. मग तिला एकदम आठवलं.

"म्याच म्हटलं त्याले," ती म्हणाली, "की तुह्या होस्टेलचं काम माह्या पोराच्या हाती हाय म्हणते, तू काई फिकर करू नोको, माहं पोरगं पाह्यते. तं तो हासला. काई बोलला नाई." तिने बादली नळाखाली सरकवली. "भेटलं काय मंग त्याले ते काम?"

दोन वर्षं तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही नाही.

"नाई भेटलं," मी म्हटलं. "म्या नाई देल्लं."

मायने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती विचारेल, काहून. तिने विचारलं नाही. तिने नळ सोडला, पाणी वाफाळत बादलीत पडायला लागलं, आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून ती म्हणाली, आंघोळ करून घे.